गोदामात पोती किती मावतात? एका दुकानदाराच्या हिशेबाची गोष्ट

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका तरुणाचं भुसार मालाचं दुकान आहे. वडिलांच्या पश्चात गादीवर बसला तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. माल ठेवायला दुकानामागची एक खोली होती, आणि सोयाबीनचा हंगाम आला की ती दोन दिवसांत भरून जायची. मग त्याने बँकेचं कर्ज काढून गावाबाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याचं गोदाम बांधलं. विटांच्या नऊ इंची भिंती, वर लोखंडी कैच्या, त्यावर पत्रा, खाली सिमेंट काँक्रीटची फरशी आणि पुढच्या भिंतीत मधोमध दहा फुटी शटर.

बांधकाम संपत आलं तसा एक व्यापारी विचारायला आला. दिवाळीनंतर चार हजार पोत्यांसाठी तीन महिने जागा हवी होती, आणि पोत्यामागे महिना सात रुपये द्यायला तो तयार होता. आपल्या गोदामात एवढी पोती सहज बसतील असं दुकानदाराला वाटत होतं, कारण त्याने हिशेब करून ठेवला होता. तो हिशेब कुठे फसला आणि खरा आकडा कसा निघाला, ते इथे सविस्तर मांडतो. हल्ली नवं गोदाम बांधणारा जवळपास प्रत्येकजण याच ठिकाणी फसतो.

पहिला हिशेब

गोदामाच्या नकाशावर ४१.५ × ३१.५ फूट असं माप होतं. ते बाहेरून बाहेर होतं. दोन्ही बाजूंच्या भिंतींचे नऊ-नऊ इंच वजा केले की आत ४० फूट लांबी आणि ३० फूट रुंदी उरते. हे त्याने बरोबर ओळखलं. फरशीपासून कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत उंची १४ फूट. म्हणजे आतलं घनफळ ४० × ३० × १४ = १६,८०० घनफूट.

मग त्याने दुकानातलं पन्नास किलोचं एक भरलेलं पोतं जमिनीवर आडवं टाकून मोजलं. लांबी अडीच फूट, रुंदी १.६ फूट, जाडी आठ इंच. गुणाकार केला तर एका पोत्याला सुमारे २.६७ घनफूट जागा लागते. १६,८०० ला त्याने भागलं आणि उत्तर आलं ६,३०० पोती. सात रुपयांच्या दराने महिन्याला ४४,१०० रुपये भाडं. बँकेचा हप्ता देऊनही पैसे उरत होते.

गणित म्हणून या भागाकारात चूक नाही. पण हे उत्तर वाळूचं आहे. वाळू ब्रासवर मोजतात, कारण शंभर घनफुटांच्या जागेत शंभर घनफूट वाळू कोपऱ्यापर्यंत जाऊन बसते. पोत्याचं तसं नसतं. भिंतीपाशी एक फूट जागा उरली तर तिथे अर्धं पोतं कापून बसवता येत नाही. शिवाय गोदामात माणसाला चालायचं असतं आणि माल आत-बाहेर करायचा असतो. तो कुजतो का, त्याला कीड लागते का, यावर लक्षही ठेवायचं असतं. यातलं काहीच त्या भागाकारात नव्हतं.

हे त्याला सांगितलं हमालांच्या मुकादमांनी. तीस-पस्तीस वर्षं बाजार समितीत थप्प्या लावलेला माणूस. गोदाम बघायला आले होते, आणि व्यापाऱ्याला काय कबूल केलं ते ऐकून दारातच थांबले.

"काय बोलायलाव शेठ? चार हजार पोती? दीड हजारात हे गोदाम भरून जातंय."

"मामा, मी माप घेऊन हिशेब केलाय."

"माप घेतलंव, थप्पी कुठं लावलाव? दुकानात चला. सांगतो."

पोत्याचं माप एकट्या पोत्यावर घेत नाहीत

दुकानामागच्या खोलीत हरभऱ्याची दहा थरांची एक थप्पी उभी होती. मुकादमांनी टेप मागवला. एकाला एक लागून आडवी ठेवलेली सहा पोती त्यांनी एका दमात मोजली. साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच. मग लांबीत एकापुढे एक ठेवलेली पाच पोती, ती साडेबारा फूट, म्हणजे १५० इंच. शेवटी दहा थरांची उंची, ती सहा फूट तीन इंच, म्हणजे ७५ इंच. भागून आलं ते असं: थप्पीतलं एक पोतं ३० इंच लांब, १९ इंच रुंद आणि साडेसात इंच उंच.

जमिनीवर एकटं पडलेलं पोतं आठ इंच जाडीचं होतं. थप्पीत ते साडेसात इंचांचं झालं, कारण वरच्या वजनाने ते चेपतं आणि बाजूच्या पोत्याच्या फुगीर भागाला आपला खोलगट भाग लावून बसतं. पोतं मधे फुगलेलं आणि टोकांना चपटं असतं. त्यामुळे एकट्या पोत्याचं माप टेप कुठे धरला यावर बदलतं, आणि अर्ध्या इंचाची चूक बारा थरांत सहा इंचांची होते. दहा पोती मोजून दहाने भागलं की ही चूक वाटली जाते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धडा हाच आहे. ज्या मालाचा हिशेब करायचा, त्याच मालाची, त्याच बारदान्यातली आणि तेवढ्याच थरांची थप्पी मोजायची.

माप बरोबर आलं की नाही हे पडताळायला वजनाचा आधार घेता येतो. ३० × १९ × ७.५ इंच म्हणजे सुमारे २.४७ घनफूट, तेच ०.०७ घनमीटर. त्यात पन्नास किलो माल, म्हणजे घनमीटरला साधारण ७१५ किलो. हरभरा, सोयाबीन, गहू असा माल सुटा ओतला तर घनमीटरला साधारण साडेसातशे किलोच्या आसपास भरतो. पोत्यांमधल्या फटी धरल्या तर ७१५ पटण्यासारखं आहे. हाच आकडा ९०० आला असता, तर टेप कुठेतरी चुकीचा धरला असं समजायला हवं होतं.

आधी मोकळी जागा, मग थप्पी

आता दोघे रिकाम्या गोदामात आले. दुकानदाराला वाटलं, आता ४० फुटांत किती पोती आणि ३० फुटांत किती, ते बघायचं. मुकादमांनी मात्र आधी खडू घेतला आणि जिथे पोतं ठेवायचं नाही ती जागा फरशीवर आखायला सुरुवात केली.

भिंतींपासून अडीच फूट. दोन्ही लांब भिंती आणि मागची भिंत. याची तीन कारणं आहेत. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि तिला टेकलेलं पोतं बुरसतं. दुसरं कारण किडीचं आणि उंदरांचं. थप्पीच्या चारी बाजूंनी माणूस फिरू शकला नाही, तर मागच्या अंगाला काय चाललंय ते कळत नाही. धुरी द्यायची वेळ आली तर थप्पीवर चादर टाकून ती चारी बाजूंनी जमिनीशी दाबावी लागते, त्यालाही जागा हवी. तिसरं कारण लोक विसरतात. नऊ इंची विटांची भिंत छताचा भार खाली नेण्यासाठी बांधलेली असते, आडवा रेटा सोसण्यासाठी नाही. थप्पी कलून भिंतीला टेकली तर भिंतीला तडा जातो आणि कधी भिंत बाहेर ढकलली जाते.

शटरच्या आत आठ फूट जागा काट्यासाठी, पोती उतरवण्यासाठी आणि फाटलेलं पोतं शिवण्यासाठी ठेवली. शटरसमोरून मागच्या भिंतीपर्यंत मधली वाट. आणि या वाटेला काटकोनात, साधारण मध्यावर, एक आडवी वाट.

मधली वाट सहा फूट ठेवू, असं दुकानदार म्हणाला. मग रुंदीत ३० मधून भिंतीपाशचे पाच आणि वाटेचे सहा गेले, उरले १९. वाटेच्या दोन्ही अंगांना साडेनऊ-साडेनऊ फूट. लांबीत ४० मधून पुढचे आठ, मागचे अडीच आणि आडव्या वाटेचे अडीच गेले, उरले २७. म्हणजे साडेतेरा फुटांच्या दोन थप्प्या. असे साडेतेरा × साडेनऊ फुटांचे चार चौकोन फरशीवर उमटले. तीस बाय चाळीसच्या गोदामात एवढीच जागा पोत्यांची, हे बघून तो गप्पच झाला.

सहा इंचांनी काय होतं

आता एका चौकोनात किती पोती? साडेतेरा फूट म्हणजे १६२ इंच, साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच.

पोत्याची लांबी चौकोनाच्या लांबीकडे केली तर १६२ ला ३० ने भागून पाच पूर्ण पोती बसतात, आणि ११४ ला १९ ने भागून सहा. पाच सक तीस. पोती आडवी फिरवली तर १६२ ला १९ ने भागून आठ, आणि ११४ ला ३० ने भागून तीन. आठ त्रिक चोवीस. भागाकारात जी बाकी उरते ती सोडून द्यायची. तीन पूर्णांक आठ दशांश पोती म्हणजे गोदामात तीनच पोती.

दुकानदार म्हणाला, मग सगळे थर तीसवाले लावू. मुकादमांनी मान हलवली. सगळे थर एकाच दिशेने लावले तर पोत्यावर पोतं सरळ बसतं आणि खालपासून वरपर्यंत एकच सांध राहते. अशी थप्पी सुट्या खांबांसारखी होते आणि धक्का लागला की कडेची रांग उकलून खाली येते. म्हणून एक थर उभा आणि त्याच्यावरचा आडवा लावतात. वरचं पोतं खालच्या दोन-तीन पोत्यांची सांध दाबून धरतं. गवंडी विटांचे सांधे मोडत भिंत चढवतो तसंच हे आहे.

पण थर आलटूनपालटून लावायचे तर एक तीसचा, एक चोवीसचा. शिवाय चोवीसवाला थर रुंदीला ९० इंचच भरतो आणि खालचा ११४. दोन्ही कडांना एकेक फूट पोकळ राहिलं तर त्याच्यावरच्या थराची कडेची पोती अधांतरी लटकतील. हे चालणार नाही.

इथे मुकादमांनी जे केलं ते माझ्या दृष्टीने या गोष्टीचं मर्म आहे. त्यांनी मधली वाट सहावरून पाच फुटांवर आणली. दोन्ही अंगांना सहा-सहा इंच मिळाले आणि थप्पीची रुंदी दहा फूट, म्हणजे १२० इंच झाली. आता आडव्या थरात १२० ला ३० ने भागून चार पोती बसतात. आठ चोक बत्तीस. उभ्या थरात १२० ला १९ ने भागलं तरी सहाच पोती, म्हणजे थर तीसचाच. पण आता दोन्ही थरांचं माप जवळजवळ सारखं आलं. एक १५० × ११४ इंच, दुसरा १५२ × १२०. लांबीत दोन इंचांचा फरक, रुंदीत सहा इंचांचा. रुंदीतला फरक दोन्ही कडांना तीन-तीन इंच वाटला जातो, आणि भरलेलं पोतं तेवढं सहज सांभाळतं.

सहा इंचांसाठी चोवीसचा थर बत्तीसचा झाला. म्हणून थप्पीची रुंदी आधी ठरवून पोती त्यात कोंबायची नसतात. कितीच्या पटीत लांबी आणि रुंदी जुळते ते आधी बघायचं. या पोत्याच्या आठ रुंद्या (१५२) आणि पाच लांब्या (१५०) जुळतात. सहा रुंद्या (११४) आणि चार लांब्या (१२०) बऱ्यापैकी जुळतात. थप्पी याच मापाची करायची आणि उरलेली जागा वाटेला द्यायची. लांबीच्या १६२ इंचांतले दहा इंच प्रत्येक थप्पीमागे उरले, दोन थप्प्यांचे वीस. ते आडव्या वाटेत घातले, तशी ती अडीच फुटांची चार फूट दोन इंचांची झाली आणि डोक्यावर पोतं घेतलेला हमाल तिथून आरामात वळू लागला.

पाच फुटांची मधली वाट हमाली कामाला पुरते. हातगाड्या चालवायच्या असत्या तर मी सहा फुटांचाच आग्रह धरला असता.

दुकानदाराने एक चांगला प्रश्न विचारला. आडवी वाट काढूनच टाकली आणि प्रत्येक अंगाला एकच लांब थप्पी लावली तर? हिशेब करून पाहिला. साडेएकोणतीस फुटांत, म्हणजे ३५४ इंचांत, अकरा लांब्या किंवा अठरा रुंद्या बसतात. थर ६६ आणि ७२ चे. बारा थरांना ८२८ पोती. दोन वेगळ्या थप्प्यांत मिळून ७४४. म्हणजे प्रत्येक अंगाला ८४ पोती जास्त, एकूण १६८. तरी वाट ठेवायचं ठरलं. लांब थप्पीत आधी आलेला माल मागे अडकतो आणि नंतरचा आधी निघतो. दोन मालकांचा माल एका थप्पीत लावला तर पावत्यांचा घोळ होतो. आणि मधल्या पोत्यांपर्यंत हात पोहोचत नाही.

उंची गोदामाची आणि उंची माणसाची

आता थर किती? उंची १४ फूट. पत्र्याखाली तीन फूट मोकळे सोडायचे. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची झळ वरच्या पोत्यांना लागू नये आणि हवा खेळती राहावी, हे एक कारण. दुसरं कारण थंडीतलं. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याच्यावर जमून थेंब होतात आणि ते वरच्या थरावर पडतात. उरले अकरा फूट, म्हणजे १३२ इंच. खाली पाच इंच उंचीचे लाकडी पॅलेट, कारण फरशी कितीही पक्की असली तरी जमिनीची ओल वर चढते. राहिले १२७ इंच. साडेसातने भागले की १६ पूर्ण थर.

इमारत सोळा थर घेऊ शकते. हमाल मात्र दहा थरांपर्यंत पोतं खांद्यावरून सरळ लावतो. तिथवर उंची पॅलेट धरून सहा फूट आठ इंच होते. त्याच्या वर जायचं तर थप्पीलाच पोत्यांच्या पायऱ्या ठेवाव्या लागतात किंवा फळी लावावी लागते. माणसं वाढतात, हमाली वाढते आणि घसरून पडण्याचा धोकाही वाढतो. मुकादमांनी बारा थरांवर बोट ठेवलं. बारा थर म्हणजे ९० इंच आणि पॅलेटचे पाच, म्हणजे सुमारे आठ फूट.

सोयाबीनला तेही नको, असं ते म्हणाले. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि नवा माल ओला असला तर दाबाने लवकर तापतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारण १२ टक्के ओलाव्याची अट असते, पण शेतकरी घाईत आणतो तो माल पुष्कळदा त्याहून ओला निघतो. बियाण्यासाठी ठेवायच्या सोयाबीनची थप्पी सात फुटांपेक्षा उंच नको, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. सात फुटांतून पॅलेटचे पाच इंच गेले की ७९ इंच उरतात, म्हणजे दहा थर. विक्रीच्या मालालाही दुकानदाराने हीच मर्यादा लावली, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

फरशीचा भारही एकदा बघून घेतला. बारा पोती म्हणजे ६०० किलो, आणि खालचं पोतं सुमारे चार चौरस फूट जागा व्यापतं. चौरस फुटाला दीडशे किलो, चौरस मीटरला सोळाशे किलोंच्या वर. चोपून बसवलेल्या मुरुमावरच्या काँक्रीटला याचं काही वाटत नाही. पण पुढे मागे गोदामात माळा काढायचा विचार त्याच्या मनात होता. माळ्याच्या स्लॅबवर हा भार इंजिनिअरला विचारल्याशिवाय कधीही टाकू नये.

आकडा

बारा थरांत सहा थर तीसचे आणि सहा थर बत्तीसचे. १८० अधिक १९२, म्हणजे ३७२ पोती. चार थप्प्यांची १,४८८. पहिल्या हिशेबातल्या ६,३०० पोत्यांचा हा पाव भागही नाही. मुकादमांनी दारात उभं राहून सांगितलेला दीड हजार इतका जवळ कसा आला, असं दुकानदाराने विचारलं. ते म्हणाले, एवढ्या मापाचं गोदाम चार थप्प्यांचं, आणि एक थप्पी चारशेच्या आतली, एवढं डोक्यात असतंय.

गोदाम लहान असलं की हा तोटा जास्त दिसतो. भिंतीपाशचे अडीच फूट लहान-मोठ्या दोन्ही गोदामांत तेवढेच सोडावे लागतात. तीस फूट रुंदीतले पाच फूट म्हणजे सहावा भाग, साठ फूट रुंदीतले पाच म्हणजे बारावा. त्यामुळे मोठ्या वखारीतला पोत्यांचा आणि चौरस फुटांचा हिशेब आपल्या छोट्या गोदामाला लावू नये.

पहिली थप्पी हरभऱ्याची लागली. भरून झाल्यावर मोजली तर ३६४. आठ कमी. कारण वरच्या दोन थरांत कडेची पोती हमालांनी आत ओढून घेतली होती. तीसच्या थरात सव्वीस आणि बत्तीसच्या थरात अठ्ठावीस बसवली. वरची कड आत घेतली नाही तर तिथलं पोतं आधी सुटतं, म्हणून हे करावंच लागतं. दुकानदाराने वहीत ३७२ खोडून ३६४ लिहिलं. सोयाबीनच्या दहा थरांच्या थप्पीत ३१० मधून आठ वजा, ३०२. हंगामात दोन थप्प्या सोयाबीनच्या आणि दोन हरभरा-तुरीच्या धरल्या तर ६०४ अधिक ७२८, म्हणजे १,३३२ पोती.

थराची रचना ठरलेली असण्याचा आणखी एक फायदा लगेच दिसला. थप्पी न उकलता मोजता येते. थर मोजायचे, तीस आणि बत्तीस आलटूनपालटून धरायचे, वरचे दोन थर वेगळे मोजायचे. एखाद्या थरात कडेला पोकळी दिसली तर आत पोतं कमी आहे हे बाहेरूनच कळतं.

व्यापाऱ्याला त्याने जाऊन स्पष्ट सांगितलं की चार हजारांची जागा नाही. एका मालाच्या दोन थप्प्या देतो, सोयाबीन असेल तर सहाशे पोती. व्यापारी नाराज झाला, पण सहाशे पोती ठेवून गेला. बँकेच्या हप्त्याचा मेळ मात्र नव्याने घालावा लागला. पूर्ण गोदाम हरभऱ्याने भरलं तरी १,४५६ पोत्यांचं भाडं महिन्याला १०,१९२ रुपयेच होतं. म्हणून गोदामाचा निम्मा भाग त्याने स्वतःच्या खरेदीसाठी ठेवला.

थप्पी लागल्यानंतरही काम उरतंच. काही आठवड्यांत खालचे थर आणखी दबतात आणि थप्पी काही इंच खाली बसते. वर जागा झाली म्हणून एक थर चढवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण दबलेली पोती आधीच ताणलेली असतात. थप्पी एका अंगाला जास्त बसली की कलते. ते ओळखायला भिंत आणि थप्पी यांच्यातलं अंतर खाली आणि वर, दोन्हीकडे टेपने मोजायचं. खाली अडीच फूट आणि वर सव्वादोन आलं की त्या बाजूची पोती उतरवून पुन्हा लावायला घ्यायची. सोयाबीनच्या थप्पीत मुकादम मधल्या पोत्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढून हातात धरायचे. सळई कोमट लागली की माल तापतोय, थप्पी फोडून वाळवायची.

उन्हाळ्यात एक तांदूळवाला आला. तीस किलोच्या प्लास्टिकच्या पिशव्या. या वेळी दुकानदाराने मुकादमांना न विचारता दहा पिशव्या रचून माप घेतलं: २७ इंच लांब, १७ रुंद, साडेपाच उंच. त्याच चौकोनात उभ्या थरात सहा सत्ते बेचाळीस, आडव्या थरात नऊ चोक छत्तीस. दोन थर नीट जुळत नव्हते. एक ११९ इंच रुंद आणि दुसरा १०८, म्हणजे दोन्ही कडांना साडेपाच इंचांचा फरक. त्यात प्लास्टिक घसरतं, तागासारखं एकमेकाला धरून राहत नाही. त्याने बारा थरांवर, म्हणजे साडेपाच फुटांवर, हात आखडला. सहा थर बेचाळीसचे आणि सहा छत्तीसचे, मिळून ४६८ पिशव्या, कडा आत घेतल्यावर त्याहून थोड्या कमी.

पिशव्यांचा आकडा हरभऱ्याच्या थप्पीपेक्षा मोठा होता, पण वजन ४६८ × ३० म्हणजे १४० क्विंटल. हरभऱ्याच्या ३७२ पोत्यांचं १८६ क्विंटल. नगावर भाडं घेतलं तर तांदळाची थप्पी जास्त पैसे देते, आणि क्विंटलवर घेतलं तर तीच थप्पी चौथ्या हिश्श्याने कमी देते. तांदूळवाला क्विंटलचा दर मागत होता. दुकानदाराने नगावरच दर ठरवला आणि पावतीवर लिहिलं: तीस किलोची पिशवी, नग, दर महिना.